देश वर्गात येतो तेव्हा
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की देशभक्तीपर कविता हवी असते, आणि ती बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात लिहिली जाते. घाईत लिहिताना यमकं आपोआप धावून येतात. महान आलं की शान येतं, मागोमाग जान आणि बलिदान. चौथीतली मुलं बलिदानाची भाषा बोलतात, पालक टाळ्या वाजवतात आणि पुढचं नृत्य सुरू होतं.

अशी कविता तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. ‘भारत माझा महान, प्राण देऊ याच्यासाठी.’ दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या, नेटक्या. आता भारत काढून ब्राझील घाला. तीही तीनच अक्षरं. ‘ब्राझील माझा महान.’ काही बिघडलं का? नाही ना? म्हणजे त्या ओळीत आपला देश कधी नव्हताच.

मग देश शोधायचा कुठे? मी म्हणेन, तो तुमच्या शाळेत स्वतःहून येतो तो दिवस शोधा. असा एक दिवस तुम्हा सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलाय. हसताय म्हणजे ओळखलंत. मतदानाचा दिवस! तुमच्यातले निम्मे लोक तेव्हा दुसऱ्या गावातल्या शाळेत पेट्या सांभाळत असतात. पण मुलांच्या बाजूने पाहा. ज्या वर्गात ती रोज बसतात, त्यातले बाक भिंतीला लागतात, दारावर कागद चिकटतो आणि शाळेत कधी पाऊल न टाकणारी माणसं रांगेत उभी राहतात. सरपंच आणि त्यांचा सालगडी एकाच रांगेत असतात, आणि दोघांच्याही डाव्या तर्जनीला एकाच बाटलीतली शाई लागते. ती शाई म्हैसूरहून येते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून ती उजेडात काळी पडते आणि नख वाढेपर्यंत जात नाही. हे सगळं कवितेत घालायचं नाही. पण लिहिणाऱ्याला माहीत असलं की शाईबद्दलची ओळ पोकळ होत नाही.

आता ओळी. मी अष्टाक्षरी घेतली, कारण ती मुलांना पेलते. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरूचा हिशेब नाही. दोन ओळी एका श्वासात बसतात.

आमच्याच वर्गामध्ये
मतदान काल झाले
बाक ओढून भिंतीला
गावभर लोक आले

आजीच्या डाव्या बोटाला
शाई लागली जराशी
दाखवीत ती फिरली
साऱ्या गल्लीच्या दाराशी

फळ्यावर कोपऱ्यात
आकडा होता केंद्राचा
बाई म्हणाल्या, राहू दे
उरला फळा तुमचा

पहिल्या कडव्यात ‘आमच्याच’ मधला ‘च’ ठेवलाय, कारण वर्ग आपला असण्याचा थोडा तोरा मुलांना हवाच असतो. दुसऱ्या कडव्यात आधी मी लिहिलं होतं की आजीला अभिमान वाटला. ते खोडलं. ती बोट दाखवत फिरली एवढं सांगितलं की पुरतं. अभिमान ऐकणाऱ्याने ओळखायचा. तिसऱ्यातल्या बाई आदेशही देत नाहीत, भाषणही करत नाहीत. खडूने लिहिलेला केंद्र क्रमांक तसाच ठेवतात आणि बाकीचा फळा मुलांच्या हवाली करतात. लोकशाहीबद्दल या वयाच्या मुलांच्या तोंडी मला एवढंच घालावंसं वाटलं.

इथे थांबलो असतो तर कविता ठीक होती, पण एक तपासणी उरली होती. ती प्रत्येक ओळीला लावा: आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलाला ही ओळ खरेपणाने म्हणता येणार नाही? वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं आता बहुतेक शाळांत आहेत. त्यांच्या आईवडिलांचं नाव अनेकदा मूळ गावच्या मतदार यादीत असतं, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या बोटाला शाई नसते. आजी तर हजार मैलांवर. आपलेपणाची कविता म्हणताना नेमकं तेच मूल परकं ठरलं, तर कविता फसली. ‘त्याच्या आईला शाई नव्हती’ असं लिहायचा मोह झाला होता. पण रंगमंचावर उभ्या असलेल्या मुलाची अडचण सगळ्या गावासमोर उघडी करणं हा क्रूरपणा आहे. त्याला त्याच्या बळावर आत आणायला हवं. म्हणून चौथं कडवं:

माझ्या शेजारी बसतो
बोलतो घरी मैथिली
मराठी पाढ्यांत माझी
त्यानेच चूक काढली

इथे लोक हसतात. हसू द्या. एकतेवरचं दहा ओळींचं निवेदन जे करत नाही ते हे हसू करतं, आणि ते मूल त्या क्षणी दयेचं धनी नसतं, वरचढ असतं. तुमच्या वर्गात मैथिली नसेल तर अक्षरं मोजून बदला: बंजारा, कन्नड, पावरी, सगळी तीन अक्षरी. यमक थोडं सैल पडेल, पडू दे. मात्र त्या मुलाला आधी विचारा. काही मुलांना घरची भाषा अशी चारचौघांत सांगितलेली आवडत नाही, आणि नको म्हणालं तर कडवं गाळा.

एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, ‘सगळं छान, पण यात देश कुठाय? तिरंगा नाही, भारत शब्दही नाही.’ प्रश्न वाजवी आहे. पाहुण्यांनाही तो पडेल. माझं उत्तर असं की प्रतिज्ञा आपण रोज म्हणतो, राष्ट्रगीत त्याच कार्यक्रमात होणार आहे, झेंडाही असेल. देशाचं नाव घेण्याची सोय भरपूर आहे. कवितेने तेच पुन्हा केलं तर तिची गरज काय? फार आग्रह झाला तर निवेदनात ‘भारत’ येऊ द्या, कडव्यात नको. एकदा घुसला की मागून ‘महान’ येतोच.

सादरीकरणाचं थोडक्यात. चार कडव्यांना एक मिनिट लागतं, आणि आयोजकांना ते फार थोडं वाटतं. मग कुणीतरी सुचवतं की मागे ढोल लावू, शेवटी घोषणा देऊ. दोन्हींना नकार द्या. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हणावं, दुसरं आणि तिसरं तीन-तीन मुलांनी, चौथं एकट्याने. आणि ते ‘चूक काढणाऱ्या’ मुलाने नव्हे, ज्याची चूक निघाली त्याने म्हणायचं! सगळ्यांनी मिळून म्हटलं की मुलं शेवटची ओळ ओरडतात, कारण स्नेहसंमेलनात ओरडायचं असतं हे त्यांना पहिलीपासून माहीत आहे. एकट्याला माइकशी बोलावंच लागतं.

जेवणानंतर गटांत बसू तेव्हा मतदान वापरायचं नाही, ते माझं झालं. पोलिओचा बूथ, पुराच्या वेळी वर्गात राहायला आलेली कुटुंबं, जनगणनेला गेलेले गुरुजी, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, यातलं तुमच्या शाळेत खरंच घडलेलं काहीतरी घ्या. प्रत्येक गटाने दोन कडवी आणायची. ब्राझीलची कसोटी मीच घेणार आहे.