‘का’ हा रकाना रिकामा ठेवू नका

मंडळी, निर्णयनोंदवहीत काय लिहावं, याची यादी कुठेही मिळते. मी आज एकच प्रकरण घेतो, कारण वाद पेटल्यावर नोंदीतली कोणती ओळ कामाला येते, हे त्यातून दिसतं. प्रसंग कल्पित आहे, पण सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

एका कंपनीसाठी ऑर्डर नोंदवण्याची प्रणाली बनते आहे. ग्राहकाला विक्रीचा अहवाल हवा आहे, आणि करारात शब्द आहे ‘अद्ययावत’. चाचणीत असं दिसतं, की अहवाल सतत ताजा ठेवला तर त्याच डेटाबेसवर भार येतो आणि २ सेकंदांत होणारी ऑर्डरची नोंद ९ सेकंदांवर जाते. बैठक होते. अहवाल रोज रात्री एकदाच ताजा करायचा, असं ठरतं. आठ महिन्यांनी ग्राहकाकडे नवे विक्रीप्रमुख येतात आणि विचारतात, ‘कालचे आकडे का दाखवता? करारात अद्ययावत म्हटलंय. फुकट दुरुस्त करून द्या.’

आता इतिवृत्त काढलं, तर त्यात वाक्य सापडतं: ‘चर्चेअंती अहवाल रात्री ताजा करण्याचे ठरले.’ कोणी ठरवलं? बैठकीला सात जण होते. ग्राहकाचे माणूस म्हणतात, आम्ही नुसतं ऐकून घेतलं. तुमचा प्रकल्प व्यवस्थापक म्हणतो, त्यांनी होकार दिला होता. गंमत म्हणजे दोघंही प्रामाणिक असू शकतात. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५मध्ये दाखवलं, की निकाल कळल्यावर माणसं आपला आधीचा अंदाजही निकालाच्या बाजूला सरकवून आठवतात. ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत असतोच असं नाही. म्हणून आठ महिन्यांनंतरच्या आठवणीवर वाद सोडवायला बसू नये.

तीच नोंद नीट लिहिली असती तर अशी दिसली असती:

‘नोंद १४, १२ मार्च. निर्णय: विक्री अहवाल रोज रात्री २ वाजता ताजा होईल. निर्णय घेणारे: ग्राहकाचे कामकाज प्रमुख. सल्ला: दोन्हीकडचे तांत्रिक प्रमुख. हरकत: विक्री विभागाच्या प्रतिनिधीची, दुपारचे आकडे लागतात असं म्हणणं. नाकारलेले पर्याय: सतत ताजा अहवाल (ऑर्डरची नोंद ९ सेकंदांवर जाते, चाचणी ८ मार्च), अहवालासाठी वेगळा डेटाबेस (खर्च ग्राहकाला मान्य नाही). पुन्हा विचार कधी: वेगळ्या डेटाबेससाठी तरतूद झाली तर.’

निर्णय घेणारा एकच आहे, हे बघा. सल्ला देणारे कितीही असोत, पण ‘सर्वानुमते’ लिहिलं की जबाबदारी कुणाच्याच नावावर राहत नाही. हरकतही नोंदली आहे. लोक ती गाळतात, उगाच कटुता नको म्हणून. पण हरकत लिहून ठेवली की दुपारच्या आकड्यांचा मुद्दा तेव्हाच मांडला गेला होता आणि तो ऐकूनच निर्णय झाला, हे सिद्ध होतं. सगळ्यात मोलाचे मात्र नाकारलेले पर्याय आणि ते नाकारण्याची कारणं; ‘का’ हा रकाना तो हाच. नव्या विक्रीप्रमुखांना ती ओळ वाचल्यावर ‘फुकट दुरुस्त करा’ म्हणणं अवघड जातं, कारण वेगळ्या डेटाबेसचा खर्च त्यांच्याच कंपनीनं नाकारला होता.

मात्र ही नोंद तुमच्याच फोल्डरमध्ये पडून असेल, तर समोरचा म्हणणारच, ‘हे तुम्ही मागाहून लिहिलंत.’ त्यावर इलाज सोपा आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती ईमेलनं दोन्ही बाजूंना पाठवायची आणि चूक असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा, असं लिहायचं. तेवढ्यानं गप्प बसणं म्हणजे होकार ठरत नाही. पण नोंद त्यांनी त्याच वेळी पाहिली होती, एवढं नक्की होतं. शक्य असेल तर निर्णय घेणाऱ्याचं ‘बरोबर’ एवढं एका शब्दाचं उत्तर मिळवा.

जुनी नोंद कधीही खोडू नका. निर्णय बदलला तर नवी नोंद करा, समजा क्रमांक ३१, आणि चौदावर फक्त ‘३१ने रद्द’ असा शेरा द्या. मायकेल नायगार्ड यांनी २०११मध्ये सॉफ्टवेअरच्या रचनेतले निर्णय नोंदवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातही रद्द झालेला निर्णय जागेवर राहतो, फक्त त्याची स्थिती बदलते. कारणाच्या रकान्यात नंतर उमगलेलं शहाणपण घुसवलं, की एका विसंगत तारखेनं सगळी वही संशयास्पद होते. ८ मार्चच्या चाचणीचा अहवाल मूळ रूपात जपून ठेवावा, तो याचसाठी.

आता याची मर्यादा. अनेक करारांत लिहिलेलं असतं, की बदल फक्त अधिकृत सहीनिशी लेखी दुरुस्तीनंच होईल. तसं असेल तर नोंद १४ करार बदलत नाही. ‘अद्ययावत’ हा शब्द तिथंच राहतो. त्या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी तेव्हा काय घेतला, एवढाच पुरावा ती देते, आणि तोही चालेल की नाही ते करारावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून. म्हणून अशा नोंदीत आणखी एक रकाना ठेवावा: ‘करारात दुरुस्ती हवी का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर सही होईपर्यंत ती नोंद उघडीच ठेवायची.