इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३

३१ मे. कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयातली दुपार. या तारखेला राज्यभर निरोप समारंभांची गर्दी असते. एका पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जूनच लिहिली, आणि १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. आवक-जावकच्या मॅडमचीही तारीख तीच.

शाल-श्रीफळ झालं. मॅडम उठल्या. हातात एका फोटोची प्रिंट.

"घरची मंडळी आल्यात, म्हणून आधी विषय सांगते."

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या महापुरानंतर हे आकडे पोराबाळांनाही पाठ झाले. अशाच एका जुलैत निम्मा स्टाफ पूर ड्युटीवर गेला आणि मॅडमच्या टेबलावर न नोंदवलेलं टपाल साठत गेलं. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं त्या ढिगाला फूटपट्टी लावून फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला: 'राजाराम बंधारा, आवक शाखा. पातळी ३९ फूट. वाढ सुरू.'

तेव्हापासून ऑफिसात कुणाचंही टेबल भरलं की हाच फोटो, फक्त आकडा बदललेला.

"सगळी हसायची," मॅडम म्हणाल्या. "पण मला कधी 'मदत करा' म्हणून कुणाच्या दारात जायला लागलं नाही. मी ४३ टाकायची. दहा मिनिटांत हा पोरगा खुर्ची ओढून बसायचा, अर्धा गठ्ठा उचलायचा. बाळा, तू नोंदवलेल्या पत्रांवर सही माझी आहे. ते आज सगळ्यांसमोर सांगते."

तो मान खाली घालून बसला होता.

आदल्या दिवशी मॅडमच्या भाषणाच्या यादीत आणखी एक विनोद होता, एका सहकाऱ्याच्या रोजच्या उशिरावरचा. तो त्यांनी खोडला. उशीर घरच्या आजारपणामुळं होतो हे ग्रुपला माहीत होतं, समोर बसलेल्या त्याच्या मुलांना ते हसणं कसं लागलं असतं? मला हे खोडणं भाषणाइतकंच मोलाचं वाटतं.

शेवटचा विनोद राधानगरीचा. त्या धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणी कळ दाबावी लागत नाही. म्हणून इथून बदली झालेल्याचे डोळे भरले की ग्रुपवर यायचं: 'एक नंबरचा दरवाजा उघडला.'

मॅडम शिपाईमामांकडं वळल्या. रोज सकाळी त्यांच्या आधी येऊन टेबल पुसणारे मामा. "मामा, तुमचं..." आणि आवाज थांबला.

मागून मामाच म्हणाले, "मॅडम, राधानगरी भरली."

मॅडमनी पदर डोळ्यांना लावला.

"दरवाजे स्वयंचलित आहेत मामा. माझ्या हातात काय नाही."