परिच्छेद कुणाचा?

(मालवणातल्या कथालेखन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्या कथांची बाडं वाचून आलो आहे. गोष्टी चांगल्या आहेत, पण अर्ध्याअधिक बाडांत एका जागी अडखळायला होतं. दोन माणसं बोलायला लागली, की चौथ्या-पाचव्या वाक्याला कोण बोलतंय ते कळेनासं होतं. म्हणून आज फक्त संवादाच्या मांडणीबद्दल बोलतो. विरामचिन्हं आपल्याकडे तशी उशिरा आली. जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीतली चिन्हं मराठीत रुळवली. त्यामुळे नियम बरेचसे तिकडचे आहेत, पण मराठीची वाक्यरचना वेगळी, म्हणून काही ठिकाणी अडचणीही आपल्या स्वतःच्या आहेत.

आता हा उतारा बघा. कुणाच्या बाडातला नाही, मीच रचलाय. बाडांत साधारण असंच सापडतं:

“बाबल्या, होडी खंय हा?” आईने विचारलं. बाबल्या जाळं आवरत होता. “गेली.” “खंय गेली?” “देवगडाक.” आई क्षणभर गप्प झाली. “कोणी न्हेली?” बाबल्याने वर पाहिलं. “आये, माका कित्याक इचारतंस?”

अवतरणचिन्हं सगळी जागच्या जागी आहेत, तरी वाचक दमतो. “कोणी न्हेली?” हे आई विचारते, की पडवीत बसलेला आणखी कुणी? हा उतारा मी असा लावीन:

“बाबल्या, होडी खंय हा?” आईने विचारलं.

बाबल्या जाळं आवरत होता. “गेली.”

“खंय गेली?”

“देवगडाक.”

आई क्षणभर गप्प झाली. “कोणी न्हेली?”

बाबल्याने वर पाहिलं. “आये, माका कित्याक इचारतंस?”

एक शब्द बदललेला नाही, फक्त एंटर दाबलाय. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद, हे तुम्हाला ठाऊक असतं. राहून जातो तो या नियमाचा दुसरा अर्धा भाग: बोलणाऱ्याची हालचाल त्याच्या बोलण्याच्याच परिच्छेदात बसते. जाळं आवरणारा बाबल्या, म्हणून “गेली” हे उत्तर बाबल्याचं. तिथे ‘बाबल्या म्हणाला’ लिहायची गरजच पडत नाही.

आता एकच एंटर जास्त दाबून बघू:

आई क्षणभर गप्प झाली.

“कोणी न्हेली?”

बाबल्याने वर पाहिलं.

इथे आईचा परिच्छेद तिच्या गप्प होण्यावर संपला. मग प्रश्न कुणी विचारला? वाचकाला वाटेल, बाप मागच्या दाराने आत आला. तुम्हाला खरंच बापाला आणायचं असेल तर ही जागा झकास आहे. आणायचं नसेल, तर तुम्ही नकळत घरात तिसरा माणूस घुसवलात.

मराठीत एक सोय आहे, ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ वेगळे असतात. आई आणि मुलगा बोलत असतील तर तेवढ्यावर निभावतं. पण बंदरावर दोन खलाशी बोलत असतील, किंवा लिलावात दोन बायका भावावरून भांडत असतील, तर क्रियापद काही मदत करत नाही. तिथे परिच्छेदच सांगतो कोण बोलतंय. दोघंच असतील तर चार-पाच वाक्यं नावाशिवाय चालतात, मग एकदा नाव किंवा हालचाल येऊ द्यावी. तिसरा माणूस आला, की तोंड उघडताना त्याचं नाव हवंच.

आता स्वल्पविराम आणि पूर्णविराम.

“गेली,” बाबल्या म्हणाला.

“गेली.” बाबल्याने जाळं खाली टाकलं.

पहिल्यात ‘म्हणाला’ हे क्रियापद त्या बोलण्याचं आहे. दोन्ही मिळून एक वाक्य होतं, म्हणून मध्ये स्वल्पविराम, आणि तो अवतरणाच्या आत. दुसऱ्यात जाळं टाकणं ही वेगळी क्रिया आहे. बोलणं संपलं, पूर्णविराम पडला, मग नवं वाक्य. बाडांत सर्रास दिसतं ते असं: “गेली,” बाबल्याने जाळं खाली टाकलं. जाळं टाकून कुणी शब्द बोलत नाही. शंका आली तर त्या जागी ‘म्हणाला’ घालून बघा. बसला तर स्वल्पविराम, नाही बसला तर पूर्णविराम. बोलणं प्रश्नचिन्हाने किंवा उद्गारचिन्हाने संपत असेल तर पुढे आणखी स्वल्पविराम लावायचा नाही. “खंय गेली?” आई म्हणाली. एवढंच.

बोलणं मध्ये तोडलं, की खरी गंमत होते. हे दोन नमुने बघा:

“होडी,” बाबल्या म्हणाला, “सांजेक येतली.”

“होडी गेली,” बाबल्या म्हणाला. “सांजेक येतली.”

पहिल्यात बोलण्याचं वाक्य एकच आहे, मध्ये फक्त ‘बाबल्या म्हणाला’ घुसलंय, म्हणून त्याच्यापुढे स्वल्पविराम. दुसऱ्यात वाक्यं दोन आहेत, म्हणून ‘म्हणाला’पाशी पूर्णविराम. इंग्रजीत दुसरं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे चिन्ह चुकलं तरी वाचक सावरून घेतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. वाक्य पुढे चाललंय की नवं सुरू झालंय, हे सांगायला ‘म्हणाला’पुढच्या त्या एका चिन्हाशिवाय आपल्याकडे काही नाही. संपादकाचा डोळा तिथे आधी जातो. माझा तरी जातो.

‘की’चा घोटाळा मात्र अस्सल आपला. बाबल्या म्हणाला की मी देवगडला जातो. यात ‘मी’ म्हणजे बाबल्याच. मराठी ‘की’ आला तरी बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवते, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं, हे त्याचे शब्द, अवतरणात घालू. मग ‘की’पण राहतो आणि अवतरणचिन्हंही येतात. दोन्हींतलं एक ठेवा. ‘की’ ठेवलात तर अवतरण नको. अवतरण हवं असेल तर ‘म्हणाला’ आणि स्वल्पविराम.

गजालीवाल्या म्हाताऱ्यांसाठी एक नियम हवाच. एखादा आजोबा दोन-तीन परिच्छेद सलग बोलत राहिला, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला अवतरण उघडायचं, पण बंद करायचं ते फक्त शेवटच्याच्या अखेरीस. पहिल्या परिच्छेदाअखेर बंद केलंत, की पुढचं बोलणं दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आजोबा बोलताबोलता दुसऱ्याचे शब्द सांगू लागले, तर ते दुहेरीच्या आत एकेरी अवतरणात.

आणि मालवणी शब्दांना संवादात वेगळी एकेरी चिन्हं लावू नका. ‘खंय’, ‘माका’ असे शब्द अवतरणात घातले, की आई आपल्याच घरात परक्या भाषेत बोलल्यासारखी दिसते.

शेवटी एका ताईंनी विचारलं, “सर, काही लेखक अवतरणचिन्हं वापरतच नाहीत. मग आम्ही का वापरायची?”

बरोबर आहे, काही जण नुसत्या डॅशने संवाद सुरू करतात, काही तेवढंही करत नाहीत. चालतं ते. पण डॅश बोलणं कुठे सुरू झालं ते सांगतो, कुठे संपलं ते सांगत नाही. त्यामुळे त्याच ओळीत हालचाल लिहिली, की बोलणं आणि निवेदन एकमेकांत मिसळतं. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं मालवणीत असेल तर भाषाच दोन्ही वेगळं ठेवते, तिथे धोका कमी. तुमच्या कथेत निवेदकही मालवणीत बोलतो, ताई. तुमच्या तिसऱ्या पानावर बाजारातल्या प्रसंगात मला दोनदा मागे जाऊन वाचावं लागलं. तेवढं पान अवतरणचिन्हं घालून पुन्हा उतरवा, आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेवून ठरवा.