सूत्रांनी बांधलेला आरएसआय

(पुण्यात नवशिक्या गुंतवणूकदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज स्प्रेडशीटमध्ये शेअरचा आरएसआय बांधायचा, म्हणजे भावातल्या अलीकडच्या वाढ-घटीचा जोर ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा. मॅक्रो नाही, तयार चार्ट नाही, फक्त सूत्रं. आकुर्डीची बजाज ऑटो घ्या नाहीतर मुंढव्याची भारत फोर्ज. रोजचे बंद भाव मात्र किमान दीडशे दिवसांचे हवेत. पहिल्या ओळीत शीर्षकं, A मध्ये तारीख, B मध्ये बंद भाव. सर्वांत जुनी तारीख वर हवी. उतरवलेल्या फाइलमध्ये पुष्कळदा नवी तारीख वर असते. तशीच ठेवली तर वाढ घसरण दिसेल आणि घसरण वाढ, आणि शीट काही कुरकुर करणार नाही.

आधी सरासरी. ५ दिवसांची C6 मध्ये, २० दिवसांची D21 मध्ये, आणि दोन्ही खाली ओढायच्या.

```
C6:  =AVERAGE(B2:B6)
D21: =AVERAGE(B2:B21)
```

इथे `#DIV/0!` आलं तर भाव आकड्यासारखे दिसतात, पण मजकूर म्हणून साठवलेले आहेत. स्वल्पविराम असलेल्या भावांचं असं बरेचदा होतं. त्याहून वाईट म्हणजे, काहीच भाव मजकूर असतील तर AVERAGE ते गुपचूप वगळतं आणि उत्तर चुकीचं येतं. म्हणून सुरुवातीलाच `=COUNT(B2:B151)` लिहून १५० येतात का ते पाहा.

आता आरएसआय. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये तो मांडला. रोजचा फरक दोन स्तंभांत वेगळा करायचा: E मध्ये वाढ, F मध्ये घट, आणि घटही धन आकड्यातच. G आणि H मध्ये त्यांच्या सरासऱ्या, I मध्ये आरएसआय. १४ फरकांना १५ भाव लागतात, म्हणून पहिलं उत्तर सोळाव्या ओळीत येतं.

```
E3:  =MAX(B3-B2,0)
F3:  =MAX(B2-B3,0)
G16: =AVERAGE(E3:E16)
G17: =(G16*13+E17)/14
H16: =AVERAGE(F3:F16)
H17: =(H16*13+F17)/14
I16: =IF(H16=0,100,100-100/(1+G16/H16))
```

E3, F3 आणि I16 तिथूनच खाली ओढा. G आणि H मध्ये मात्र सोळावी ओळ एकदाच लिहायची आणि सतरावी खाली ओढायची. नवशिक्यांचा घोळ नेमका इथे होतो: सोळावीच खाली ओढली जाते. फरक किती पडतो ते पाहा. समजा, १४ दिवसांत एकूण वाढ ४२ रुपये आणि एकूण घट २८. सरासरी ३ आणि २, गुणोत्तर १.५, आरएसआय ६०. पंधराव्या फरकाला भाव ९ रुपयांनी पडला. वायल्डरच्या रीतीनं वाढीची सरासरी ३९ भागिले १४, घटीची ३५ भागिले १४, आरएसआय ५२.७०. साधी सरासरी ओढली असती तर सर्वांत जुना फरक बाहेर पडला असता. तो ७ रुपयांच्या वाढीचा असेल तर वाढ ३५, घट ३७ उरते आणि आरएसआय ४८.६१ येतो. भाव तेच, पण एक उत्तर पन्नाशीच्या वर, दुसरं खाली.

सूत्र बरोबर असूनही ब्रोकरच्या चार्टशी आकडा जुळत नाही, याचं कारणही या रीतीतच आहे. प्रत्येक ओळीत मागच्या सरासरीचा १३/१४ भाग पुढे जातो. सुरुवातीच्या सरासरीचा वाटा १४ ओळींनंतरही सुमारे ३५ टक्के उरतो. १०० ओळींनंतर तो ०.१ टक्क्याच्याही खाली जातो. म्हणून दीडशे भाव मागितले, आणि पहिल्या शंभरेक ओळींतल्या आरएसआयवर विसंबू नका.

शेवटी छेद. ५ दिवसांची सरासरी २० दिवसांच्या वर आहे, एवढंच तपासलं तर प्रत्येक ओळीत ‘खरेदी’ दिसत राहील. छेद म्हणजे आज वर आणि काल वर नव्हती. कालची ओळ तपासावीच लागते.

```
J22: =IF(AND(C22>D22,C21<=D21),"खरेदी",
     IF(AND(C22<D22,C21>=D21),"विक्री",""))
```

सुरुवात J22 पासूनच करा. J21 मध्ये लिहिलंत तर सूत्र रिकाम्या D20 ला शून्य समजतं. काल सरासरी शून्याच्या वर होती, आज D21 च्या खाली आहे, असं दिसलं की खोटी ‘विक्री’ उमटते.

हा संकेत आजच्या बंद भावावर बनतो, म्हणजे तो कळतो तेव्हा बाजार मिटलेला असतो. मागचा नफा मोजताना त्याच ओळीतला भाव धरू नका, पुढच्या ओळीतला धरा. आणि मध्येच बोनस किंवा शेअरविभाजन झालं असेल, तर त्याआधीचे भाव त्याच प्रमाणात कमी करून घ्या. एकास एक बोनसला भाव निम्मा होतो. शीटला ती एका दिवसातली ५० टक्के घसरण वाटते, आरएसआय कोसळतो आणि पाठोपाठ खोटी ‘विक्री’ येऊ शकते. F स्तंभात एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा अवाढव्य दिसला, तर सूत्रांना हात लावण्याआधी त्या तारखेला कंपनीनं काय जाहीर केलं होतं ते शोधा.