आत्यासाठी पिक्चर निवडताना

(ज्येष्ठ नागरिक मंडळातलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

माईक लागलाय ना? मागे ऐकू येतंय? बरं. मला चाळीस मिनिटं दिलीयेत आणि विषय आहे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाबरोबर बसून कुठला जुना पिक्चर बघावा आणि तो निवडायचा कसा. निवडायचा कसा हे मी शेवटी सांगणार आहे, आधी आमच्या दादाची तक्रार सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. (हशा)

आमची आत्या १९४४ची. लग्न १९६४ला, संसार गिरगावात चाळीत, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. आता माझ्याकडे असते. सकाळी काय खाल्लं ते दहा मिनिटांत पुसलं जातं पण मुगभाटातला इस्त्रीवाला कुठे बसायचा ते विचारा, बरोब्बर सांगेल. तर दादा एका रविवारी आला, हातात पेनड्राइव्ह, म्हणाला आत्याला आता 'श्यामची आई' दाखवू या, अत्र्यांचा पिक्चर, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला, असं सगळं वर्तमानपत्रातल्यासारखं. मी म्हटलं अरे पण तो आठवतोय ना तुला नीट? म्हणाला न आठवायला काय झालं, लहानपणापासून बघतोय.

आणि पहिला अर्धा तास खरंच छान गेला हो. 'भरजरी गं पितांबर' लागलं तर आत्या अख्खं म्हणाली, एक शब्द चुकला नाही, दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू ते गाणं त्यानेच लिहिलंय. मग त्याची परीक्षा सुरू झाली. आत्या, ही कोण सांग बरं? नाव काय हिचं? वनमाला गं, वनमाला! आणि हा पोरगा? हा पिक्चर तू कुठे पाहिला होतास? कोणाबरोबर? आत्या आधी हसली, मग गप्प झाली, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. हे पदर गुंडाळणं म्हणजे आमच्याकडची धोक्याची घंटा, दादाला ते माहीत नाही कारण दादा रविवारी येतो. (हशा) हसू नका, तुमच्यातले बरेच रविवारवाले आहेत, मला चेहरे दिसतायत.

आणि मग शेवट. त्या पिक्चरमध्ये आई जाते, हे आपल्याला माहीतच असतं म्हणून आपण रडून मोकळे होतो आणि चहा टाकतो. आत्याला ती गोष्ट होती हे कळलंच नाही. तिच्या डोक्यात एवढंच उरलं की आई गेली आणि मला कोणी कळवलं नाही. संध्याकाळी साडेसातपर्यंत दाराशी उभी, मला घरी जायचंय, आईकडे कोणी नाहीये. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. आणि ते सांगायचं नसतं बरं का, कारण सांगितलं की तिच्यासाठी ती आज गेली. दुसऱ्या दिवशी पिक्चर अजिबात आठवत नव्हता पण जेवली नाही. प्रसंग विसरला जातो, त्यातून आलेलं दुःख मात्र मागे राहतं, का आलं ते न कळता. दादा सहाच्या गाडीने गेला होता.

त्यात पिक्चरची चूक नाही, उत्तमच आहे. पण चांगला पिक्चर वेगळा आणि आत्याचा पिक्चर वेगळा, एवढंच माझं म्हणणं आहे आणि एवढ्यासाठीच मी आज आलेय.

उलटं उदाहरण सांगते. 'मुंबईचा जावई', १९७०चा, राजा ठाकूरांचा. चाळीतली खोली, घरात सगळं खटलं आणि नवीन जोडप्याला दोन मिनिटं एकटं बसायला जागा नाही, संपली गोष्ट. हाच हिंदीत मग 'पिया का घर' झाला. हा पिक्चर मधूनच लावला तरी चालतो, कारण मागचं काही लक्षात ठेवावंच लागत नाही, समोर जी अडचण आहे ती समोरच दिसते. आत्या तो बघत नाहीच मुळी, ती त्यात राहायला जाते. आम्ही पण स्वयंपाकघरात झोपायचो, म्हणाली, सासरे पहाटे चारला पाण्याला उठायचे. हे मला पन्नास वर्षांत कधी माहीत नव्हतं! मी काही विचारलं नव्हतं, मी नुसती म्हटलं होतं की केवढीशी खोली गं. 'का रे दुरावा' लागलं की पायाचा अंगठा हलतो तिचा. एकदा मात्र मला म्हणाली, अगं ती माणसं कधीची आलीयेत, चहा टाक. मी टाकला. दोन कप जास्तीचे, ते मग मी आणि कामवाल्या ताईंनी प्यायले.

काय? चिठ्ठी? दहा मिनिटं? अहो आत्ता तर मुद्दा सुरू होतोय. बरं, पटापट सांगते.

पहिलं, साल बघा. माणसाला साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी जास्त घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून त्यांच्या जन्मसालात पंधरा आणि तीस मिळवा. आत्याचं येतं १९५९ ते १९७४, तिथेच शोधायचं. आपल्या आवडीचा 'बनवाबनवी' तिला नवीनच वाटतो, शिवाय त्यात कोण कोणाचं सोंग घेतंय हे लक्षात ठेवावं लागतं, तिथे ती दमते.

दुसरं, गाण्यावरून पिक्चर निवडू नका. 'बुगडी माझी सांडली गं' सगळ्यांना पाठ, पण 'सांगत्ये ऐका'मध्ये बाईवर काय काय गुदरतं ते आठवून बघा, पुण्यात १३१ आठवडे चालला म्हणून आत्याला झेपेल असं नाही. गाणं हवं तर नुसतं गाणं लावा. अख्खा पिक्चर लावायचा तर आधी आपण एकट्याने शेवटपर्यंत बघायचा, आणि आईचं मरण, हरवलेलं मूल, पोलीस, आग, सोडून जाणारी गाडी यातलं काही आलं तर मिनिट लिहून ठेवायचं. तिथे आधीच थांबायचं, नाहीतर तो पिक्चरच नको. मी वहीत असंच लिहिते, वेळ आणि पुढे 'इथे बंद'.

तिसरं, सकाळी अकराच्या सुमारास, चहा झाल्यावर. संध्याकाळी नको, दिवस कलला की आमच्याकडे घालमेल वाढते. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरे, आणि तोच तुकडा उद्या परत चालतो, कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही. मोबाईलवरून लावलं तर मध्येच जाहिरात किंचाळते आणि बसलेली घडी मोडते, म्हणून पेनड्राइव्हच बरा, तेवढं दादाचं बरोबर होतं. बसायचं शेजारी, ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला, आणि दुसरं कोणी खोलीत नको. प्रश्न एकही नाही. 'ही कोण' विचारायचं नाही, 'ही सुलोचनाबाई, काय गोड दिसते' असं आपणच म्हणायचं, पुढे त्यांना बोलायचं तर बोलतील.

पदर गुंडाळला, दाराकडे बघितलं, तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, की बंद. गाणं चालू असेल तर गाणं संपू द्यायचं आणि मग बंद, मध्येच पटकन नाही.

हो हो, संपवते. एक राहिलंच. टीव्ही बंद केला की पडदा काळा होतो आणि खोलीत दिवा असला तर आपण त्यात दिसतो. आत्या मला विचारायची, त्या दोघी बायका तिथे कशाला बसल्यात, जात का नाहीत? आठ दिवस मला वाटलं तिला भास होतायत, डॉक्टरांना फोन करायला निघाले होते. मग एकदा तिच्या खुर्चीत बसून बघितलं तर समोर मी, आणि शेजारी ती. तेव्हापासून पिक्चर संपला की टीव्हीवर जुनी नऊवारी टाकतो. तिचीच आहे, हिरवी. आता पडदा दिसत नाही, पण साडी दिसली की म्हणते, अगं वाळली असेल, काढ.