120 किलो द्राक्षं गेली कुठे?

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या पॅकहाऊसमध्ये ईआरपी आहे, आणि तरीही संध्याकाळी लॉटचा हिशेब वहीतच जुळवला जातो. वहीत तो जुळतोच, कारण न जुळलेलं सगळं वजन ‘सॉर्टिंग लॉस’मध्ये ढकलता येतं. आज मी त्या एकाच रकान्याबद्दल बोलणार आहे.

हिशेबाला एक लॉट घेऊ. थॉमसन, एकाच नोंदणीकृत प्लॉटचा, एका सकाळचा खुडा. 250 क्रेट, क्रेटचं वजन वजा करून आवक 3,000 किलो. संध्याकाळपर्यंत 500 ग्रॅमच्या दहा पनेटची एक, अशा 480 पेट्या बांधून झाल्या, म्हणजे 2,400 किलो. सुपरवायझर लिहितो : सॉर्टिंग लॉस 20 टक्के. मालकाला वाटतं, 600 किलो वाया गेले.

तसं काही झालेलं नसतं. त्यातला 390 किलो माल मणी बारीक किंवा रंग उन्नीस-बीस म्हणून लोकलला गेला आणि त्याचे पैसे आले. 60 किलो सुटे मणी निघाले, तेही कुणीतरी उचललेच. खरा कचरा, म्हणजे कुजलेले मणी आणि कात्रीने काढलेले देठ, फक्त 30 किलो. म्हणून ईआरपीत लोकल, सुटे मणी आणि कचरा हे तीन वेगळे आयटम हवेत आणि तिघांनाही मूळ लॉटचाच नंबर हवा. ERPNext वापरत असाल तर Stock Entry मध्ये Repack हा प्रकार आहे. एक आयटम आत, चार बाहेर. कारखान्यात अनेक भागांचा एक माल होतो, आपल्याकडे एकाचे चार होतात. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा, नाहीतर तो तुमच्या द्राक्षाचा पंखा बनवून देईल.

आता बेरीज करा. 2,400, 390, 60 आणि 30 मिळून 2,880. अजून 120 किलो बेपत्ता आहेत. इथे लोक ‘बाष्प उडालं’ म्हणून मोकळे होतात. मी काट्यावर जातो.

बंद पेट्यांमधले चाळीस-पन्नास पनेट उचलून डबा वजा करून तोलले, तर सरासरी भरते 518 ग्रॅम. बाईच्या हातात 490चा घड असतो, तो 500 करायला ती एक झुबका टाकते आणि काटा 518 दाखवतो. द्राक्ष काही ग्रॅमवार तुटत नाही. 4,800 पनेट गुणिले 18 ग्रॅम, म्हणजे 86 किलो माल फुकट गेला. यातला थोडा मुद्दाम द्यावाच लागतो, कारण बोटीच्या प्रवासात वजन घटतं आणि तिकडे पनेट 500च्या खाली उतरून चालत नाही. तुम्ही त्यासाठी 510 ठरवलं असेल, तर 48 किलो ठरवून दिले आणि 38 किलो हातून निसटले. हे सॉर्टिंगचं नुकसान नव्हेच. ते पॅकिंग टेबलाचं आहे आणि त्याची नोंदही तिथेच व्हावी.

उरले 34 किलो. क्रेटचं वजन हंगामाच्या सुरुवातीला कोरड्या क्रेटवर घेतलं होतं. रोज सकाळी मात्र क्रेट धुवून ओलेच बागेत जातात. एका क्रेटमागे 100 ग्रॅम पाणी धरलं तरी 250 क्रेटचे 25 किलो होतात. पैसे आवक वजनावर देत असाल, तर ते पाणीही द्राक्षाच्या भावाने विकत घेतलंत. राहिले 9 किलो, त्याला खुशाल बाष्प म्हणा.

एवढं बसलं की दुसरी गडबड आपोआप दिसायला लागते. सकाळच्या लॉटचे पाच-सहा क्रेट टेबलाजवळ राहतात आणि दुपारचा लॉट सुरू होतो. ते क्रेट दुपारच्या पेट्यांत जातात. मग सकाळचा लॉट 97 टक्क्यांवर अडकतो आणि दुपारचा 101 दाखवतो. आवकेपेक्षा जावक जास्त! हा आकडा दिसला की वजनाची काळजी नंतर करा. अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये रेसिड्यूचा अहवाल प्लॉटवार असतो, आणि तुमच्या त्या पेट्यांवर दुसऱ्याच प्लॉटचा कोड लागलेला आहे. त्यामुळे टेबल रिकामं करून आधीचा लॉट बंद केल्याशिवाय पुढच्या लॉटचं लेबल छापूच नये, अशी अट ईआरपीत घाला.

मघाशी कुणीतरी विचारलं, आमचे आकडे खरे आहेत हे ओळखायचं कसं? पंधरा दिवसांचे लॉट एकाखाली एक मांडा. बाग वेगळी, दिवस वेगळा, तर तोटा खालीवर होणारच. सगळीकडे 12 टक्केच दिसले, तर तुमचा माणूस कचरा तोलत नाही, आवकेतून पेट्या वजा करून उरलेला आकडा वाटून टाकतो. त्याला रागावण्याआधी एकदा कचऱ्याच्या टोपल्यांजवळ काटा आहे का, ते बघून या.