रोज एक पैसा

(बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांसमोर आणि खानापूर-चंदगडहून आलेल्या काजू कारखानदारांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, आपल्याकडे गायीला चरायला बांधतात तेव्हा खुंटा रोवतात आणि दावं बांधतात. एका जागचं गवत संपलं की खुंटा उपटून थोडा पुढे ठोकतात. चलनाचा क्रॉलिंग पेग म्हणजे हा सरकता खुंटा. डॉलरचा भाव मध्यवर्ती बँक ठरवते, पण तो एका जागी ठेवत नाही, ठरलेल्या वेगानं सरकवत राहते. दाव्याची लांबी म्हणजे त्या भावाच्या आजूबाजूला बाजाराला दिलेली मोकळीक. मॅनेज्ड फ्लोटमध्ये खुंटाच नसतो. जनावर मोकळं चालतं, पण कासरा मालकाच्या हातात असतो आणि तो कधी ओढायचा हे मालक कुणाला सांगत नाही. आपला रुपया या दुसऱ्या प्रकारातला आहे. बँकेच्या परकीय चलन विभागात मी बरीच वर्षं काढली, ती हा कासरा कधी ताणला जातो हे ओळखण्यातच गेली.

आधी खुंटा सरकवावा का लागतो ते पाहू. समजा, तुम्ही एक कास्टिंग 10 डॉलरला परदेशी पाठवता. डॉलर 80 रुपयांना आहे, म्हणजे हातात 800 येतात. पिग आयर्न, कोक, वीज, मजुरी धरून खर्च 700. सुटतात 100. वर्षभरात आपल्याकडे महागाई 5 टक्के झाली, खर्च 735 वर गेला. गिऱ्हाइकाच्या देशात महागाई 2 टक्के, म्हणून तो फार तर 10 डॉलर 20 सेंट देईल. डॉलर 80 वरच असेल तर तुम्हाला 816 मिळतील आणि सुटतील 81. कामात काही खोट नाही, तरी नफा आटला. डॉलर 3 टक्क्यांनी चढून 82 रुपये 40 पैसे झाला असता, तर 840 मिळून 105 सुटले असते. दोन देशांच्या महागाईतला हा फरक हाच खुंटा सरकवण्याचा मूळ हिशेब आहे.

मग वर्षातून एकदाच 2 रुपये 40 पैसे का वाढवत नाहीत? कारण तारीख जवळ आली की निर्यातदार डॉलर दाबून ठेवतो, आयातदार आधीच घेऊन ठेवतो, आणि मध्यवर्ती बँकेची तिजोरी त्या चार दिवसांत रिकामी व्हायला लागते. तेच 240 पैसे कामाच्या 240 दिवसांत वाटले तर रोज एक पैसा येतो. एका पैशासाठी कोणी डॉलर दाबून बसत नाही. अट एकच: रुपयाच्या ठेवीवर डॉलरपेक्षा साधारण तेवढंच, म्हणजे 3 टक्के, जास्त व्याज मिळालं पाहिजे. ते कमी पडलं की लोक हळूहळू डॉलरकडे वळतात, मग पैसा-पैसा करून सरकवलेल्या खुंट्यालाही ओढ बसते.

वेग मुद्दाम कमी ठेवला तर काय होतं, हे अर्जेंटिनानं दाखवलं. डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी डॉलर सुमारे 366 पेसोंवरून एकदम 800 वर नेला आणि पुढे महिन्याला फक्त 2 टक्के सरकवायचा, असं जाहीर केलं. त्या जानेवारीत तिथे किमती 20.6 टक्क्यांनी वाढल्या, फेब्रुवारीत 13.2, मार्चमध्ये 11. गुणाकार केला तर तीन महिन्यांत खर्च दीडपट झाला आणि डॉलर चढला जेमतेम 6 टक्के. हे चुकून झालं नव्हतं. डॉलरचा भाव हळू सरकला की आयात मालाचे भाव आवरतात आणि व्यापारीही दर वाढवताना हात आखडतो, हा त्यामागचा विचार होता. महागाई खरंच उतरली, वर्षअखेर महिन्याला 3 टक्क्यांच्या आत आली. किंमत मोजली ती निर्यातदारानं, आणि डॉलरच्या साठ्यानं. फेब्रुवारी 2025 मध्ये वेग आणखी कमी करून 1 टक्का केला, आणि एप्रिलमध्ये खुंटाच काढून 1000 ते 1400 पेसो असा पट्टा आखावा लागला. माझ्या मते पहिले सहा महिने ते धोरण बरोबर होतं. चूक झाली ती उशिरापर्यंत त्याला धरून राहण्यात.

आता आपलं घर. रिझर्व्ह बँक म्हणते की आम्ही कुठलाही भाव धरत नाही, फक्त अवाजवी चढउतार आवरतो. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा सरकारी बँकांमार्फत मुंबईच्या बाजारात डॉलर विकते किंवा घेते. डीलर मंडळी एवढंच म्हणतात, "सरकारी बँका विकताहेत." सप्टेंबर-ऑक्टोबर 2024 मध्ये रुपया 84 च्या उंबऱ्याशी कित्येक दिवस अडला होता. खरेदीची मागणी येत होती, पण भाव हलत नव्हता. 11 ऑक्टोबरला तो उंबरा ओलांडला, आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत डॉलर 87 च्या वर गेला.

त्याआधीचं 2023 साल आठवा. ते सगळं वर्ष डॉलर 81 ते 83 च्या घरात होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं तर आपली पद्धत 'तरती' या खान्यातून काढून 'स्थिरावलेली' या खान्यात टाकली होती. त्या शांततेत माझ्या ओळखीच्या एका कारखानदारानं फॉरवर्ड कव्हर घेणं, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच बांधून घेणं, सोडून दिलं. त्यानं मशीन मागवलं होतं, ऑक्टोबर 2024 पासून चार महिन्यांनी 2 लाख डॉलर द्यायचे होते. कव्हरचा खर्च वर्षाला 2 टक्के, म्हणजे चार महिन्यांचे डॉलरमागे 56 पैसे, एकूण सुमारे 1 लाख 12 हजार. त्याला ते फुकट वाटले. फेब्रुवारीत डॉलरमागे 3 रुपये जास्त गेले, म्हणजे 6 लाख. मला त्याची चूक दिसते, पण राग येत नाही. दीड वर्ष कासरा ताणलेला असेल तर जनावर बांधलेलंच आहे असं कुणालाही वाटेल. नोव्हेंबर 2025 मध्ये नाणेनिधीनं आपलं वर्णन पुन्हा बदलून 'सरकत्या खुंट्यासारखी व्यवस्था' असं केलं.

कासरा ओढण्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँक डॉलर विकते तेव्हा बाजारातले तेवढ्या किमतीचे रुपये तिच्याकडे परत जातात. विक्री फार झाली की बँकांकडे रोकड कमी पडते आणि तुमच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज उतरायचं ते उतरत नाही. म्हणून 2024-25 च्या हिवाळ्यात तिला रोखे विकत घेऊन, आणि 28 फेब्रुवारी 2025 ला 10 अब्ज डॉलरचा तीन वर्षांचा स्वॅप करून, म्हणजे डॉलर तेव्हा घेऊन तीन वर्षांनी परत देण्याच्या बोलीवर, रुपये परत सोडावे लागले.

मघाशी चंदगडच्या एका भावानं विचारलं, हे आपल्याला कळायचं कसं? दर शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेकडच्या परकीय चलनाच्या साठ्याचा, म्हणजे गंगाजळीचा, आकडा येतो, तो आदल्या शुक्रवारचा असतो. रुपया जागचा हलत नाही आणि गंगाजळी मात्र आठवड्यामागून आठवडे उतरते आहे, असं दिसलं की कासरा ताणलेला आहे असं धरा. युरो किंवा सोन्याच्या भावानंही तो आकडा हलतो, म्हणून एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नका. दुसरा आकडा रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये मिळतो: पुढच्या तारखांना किती डॉलर विकून ठेवलेत. तो फुगत असेल तर आज दिसणाऱ्या गंगाजळीतला काही भाग आधीच कुणाला तरी द्यायचा ठरलेला आहे. तुम्ही आफ्रिकेतून कच्चा काजू डॉलरमध्ये आणता आणि गर इथे रुपयांत विकता. हे दोन्ही आकडे वाईट दिसतील त्या आठवड्यात निदान निम्म्या बिलाचं तरी कव्हर घ्या, मग भाव कितीही शांत दिसो.